बुडीत लिहिलेली उधारी परत आली; वहीत ती कोणाच्या नावे जमा करायची?

त्र्यंबकेश्वरचा बाजार यात्रेवर चालतो. श्रावणातले सोमवार, पौषातली निवृत्तीनाथांची यात्रा, वर्षभर होणारे नारायण नागबळीचे विधी आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. लॉज, खानावळी आणि दुकाने यांचा हात या दिवसांत सैल असतो, बाकीच्या दिवसांत आखडलेला. म्हणून गादीवाला, भांडेवाला, किराणा पुरवणारा, रंगारी असे सगळे हंगामाआधी माल देतात आणि हंगाम झाल्यावर पैसे घेतात. ही उधारी शब्दावर चालते आणि बहुतेक वेळा फिटतेही.

मार्च २०२० मध्ये हा हिशेब मोडला. मंदिर बंद झाले, मग देशभर लॉकडाऊन लागला. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. यात्रेकरू नाही तर लॉजला गिऱ्हाईक नाही, आणि लॉजला गिऱ्हाईक नाही तर गादीवाल्याची उधारी कुठून फिटणार? अनेकांनी त्या काळातली येणी बुडीत धरून वहीतून काढून टाकली.

आता काही ठिकाणी तेच पैसे परत येत आहेत. लॉजवाल्याला नवीन माल हवा असतो, तेव्हा तो आधी जुने काहीतरी देतो. पैसे आले याचा आनंद होतो, पण वही उघडल्यावर प्रश्न पडतो: हे लिहायचे कुठे? गिऱ्हाइकाच्या खात्यावर आता काही बाकीच नाही. अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवताना आम्हाला हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांकडून जास्त वेळा विचारला जातो. म्हणून आज तो एकच प्रश्न नीट उलगडू.

आधी काय झाले होते

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही समजावण्यासाठी रचले आहे, पण यातले प्रत्येक वळण बाजारात भेटणारे आहे.

एका गादीवाल्याने फेब्रुवारी २०२० मध्ये त्र्यंबकेश्वरच्या एका लॉजला ३० गाद्या आणि ३० उशा दिल्या. गादी १,४०० रुपये, उशी २०० रुपये. बिल झाले ४८,००० रुपयांचे. त्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नाही, म्हणून बिलात कर नाही. माल दिला त्याच दिवशी त्याने लॉजच्या खात्यावर ४८,००० नावे लिहिले आणि विक्री खात्यावर तेवढेच जमा केले. म्हणजे २०१९-२० च्या नफ्यात ही विक्री मोजली गेली. पैसे हातात नव्हते, तरी उत्पन्न धरले गेले.

पुढचे वर्ष कोरडे गेले. मालक फोन उचलेना, लॉजला कुलूप. ३१ मार्च २०२१ ला गादीवाल्याने ठरवले की हे पैसे आता येत नाहीत. त्याने नोंद केली: बुडीत कर्ज खाते नावे ४८,०००, लॉजचे खाते जमा ४८,०००. लॉजचे खाते शून्य झाले. बुडीत कर्ज नफा-तोटा खात्यात खर्चाच्या बाजूला गेले. त्या वर्षी नफा १,१०,००० झाला असता, तो ६२,००० राहिला.

इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वहीत बुडीत लिहिणे म्हणजे कर्ज माफ करणे नव्हे. माफी ही समोरच्याला दिलेली सूट असते, ती त्याला कळवावी लागते. बुडीत लिहिणे हा दुकानदाराने स्वतःच्या वहीपुरता घेतलेला निर्णय आहे, की या रकमेला मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवणे आता खरे नाही. लॉजवाला अजूनही देणेदार आहे. दाव्याची मुदत संपली असली तरी त्याने आपणहून दिलेले पैसे घेणे कायदेशीरच आहे. मुदत संपली की कोर्टात मागायचा रस्ता बंद होतो, देणे पुसले जात नाही.

पैसे आले त्या दिवसाची नोंद

१२ फेब्रुवारी २०२५ ला लॉजवाल्याने जुन्या बिलापोटी ३०,००० रुपये बँकेत पाठवले, असे आधी समजू. नोंद अशी होईल:

बँक खाते – नावे ३०,०००
बुडीत कर्ज वसुली खाते – जमा ३०,०००
(फेब्रुवारी २०२० च्या बिलाचे ४८,००० रुपये ३१ मार्च २०२१ रोजी बुडीत लिहिले होते, त्यापैकी वसुली.)

वर्षअखेर बुडीत कर्ज वसुली खात्यावरचे ३०,००० नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला जातात. २०२४-२५ मध्ये बाकीच्या धंद्याचा नफा २,६०,००० असेल, तर तो २,९०,००० होईल.

जमा लॉजच्या नावावर का करायचे नाही? कारण लॉजच्या खात्यावर ही रक्कम येणे आहे असे आता वही म्हणतच नाही. २०२१ मध्ये ते येणे आपण खर्चात टाकले. तो खर्च पूर्ण खरा ठरला नाही, एवढेच आज कळले. म्हणून आलेली रक्कम त्या खर्चाच्या विरुद्ध, म्हणजे नफ्याच्या बाजूला जाते. २०२०-२१ मध्ये ४८,००० तोटा, २०२४-२५ मध्ये ३०,००० नफा, म्हणजे शेवटी खरा तोटा १८,०००. वही दोन वर्षांत मिळून तेच सांगते.

मग २०२०-२१ ची वही उघडून आकडा १८,००० करावा का? नाही. त्या वर्षी जे माहीत होते त्यावरून तो निर्णय बरोबर होता. नंतर घडलेली गोष्ट नंतरच्या वर्षात लिहायची. उरलेल्या १८,००० ची आज काहीच नोंद करायची नाही. ते बुडीत आहेत, बुडीतच राहतील. उद्या आले तर त्या दिवशी पुन्हा हीच नोंद.

देशी पद्धतीच्या रोजमेळात काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. रोजमेळात आलेले पैसे जमा बाजूला लिहितात, तर शाळेच्या पुस्तकात आलेल्या पैशांसाठी रोख किंवा बँक खाते नावे होते. उर्दूतही आपण ‘रक़म जमा हुई’ म्हणतो, त्यामुळे मुलांना हे उलटे वाटते. पण दोन्हींत फरक नाही. रोजमेळाच्या जमा बाजूला आपण ज्याचे नाव लिहितो, त्याच खात्यावर खतावणीत जमा पडते. म्हणून रोजमेळवाल्याने एकच गोष्ट सांभाळायची: जमा बाजूला लॉजचे नाव न लिहिता ‘बुडीत कर्ज वसुली’ लिहायचे आणि लॉजचे नाव खाली तपशिलात घालायचे.

जुने आणि नवे पैसे एकत्र आले तर

खरी गडबड इथे होते. समजा लॉजवाल्याने जानेवारी २०२५ मध्ये २०,००० चा नवीन माल उधार घेतला आहे. १२ फेब्रुवारीला त्याने एकदम ५०,००० पाठवले आणि मेसेज केला, ‘नवीन बिल आणि जुन्यातले ३०’. मग नोंद अशी:

बँक खाते – नावे ५०,०००
लॉजचे खाते – जमा २०,०००
बुडीत कर्ज वसुली खाते – जमा ३०,०००

घाईत बहुतेक जण पूर्ण ५०,००० लॉजच्या खात्यावर जमा करतात. त्याचा परिणाम पाहा. लॉजच्या खात्यावर २०,००० नावे होते, जमा झाले ५०,०००. आता खाते ३०,००० जमा शिल्लक दाखवते, म्हणजे दुकानानेच लॉजला ३०,००० द्यायचे आहेत, किंवा लॉजने ॲडव्हान्स दिला आहे असे दिसते. जूनमध्ये लॉजवाला २५,००० चा माल नेतो. खाते तरीही ५,००० जमा दाखवते. वही सांभाळणारा मुलगा तगादा लावत नाही, कारण वहीत बाकीच नाही. दुकानदार २५,००० खरोखर गमावतो आणि ते त्याला कळतही नाही. एकदा बुडालेले पैसे परत आले आणि चुकीच्या नोंदीने दुसऱ्या दाराने निघून गेले.

मेसेज नसता तर? पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे ठरवायचा पहिला हक्क देणाऱ्याचा आहे. तो काही बोलला नाही आणि परिस्थितीवरूनही समजत नसेल, तर घेणाऱ्याला ठरवता येते, आणि तो ते मुदत संपलेल्या जुन्या देण्यापोटीही धरू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर जे देणे आधीचे ते आधी फिटले असे धरतात. हे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये आहे. व्यवहारात सोपा मार्ग हा की पैसे आले त्याच दिवशी एक ओळ लिहून पाठवा: ‘५०,००० मिळाले, २०,००० नवीन बिलाचे, ३०,००० फेब्रुवारी २०२० च्या बिलापोटी, जुने १८,००० बाकी.’ समोरच्याने ‘ठीक’ लिहिले तरी पुष्कळ झाले.

टॅलीत काय करायचे

टॅलीप्राइममध्ये आधी एक नवे खाते उघडावे. `Gateway of Tally` वरून `Create`, मग `Ledger`. नाव `Bad Debts Recovered` आणि `Under` च्या जागी `Indirect Incomes`. त्यानंतर `Vouchers` मध्ये `F6` दाबून पावती व्हाउचर घ्यावे. २०,००० लॉजच्या खात्यावर टाकताना बिलनिहाय तपशिलात `Agst Ref` निवडून जानेवारीचे बिल दाखवावे. ३०,००० नव्या खात्यावर टाकावेत. तिथे `Advance` निवडून सगळे लॉजच्या नावावर ढकलले की वर सांगितलेलीच चूक संगणकात होते.

काही जण म्हणतात, ‘पण मग लॉजच्या खात्यात दिसणार नाही की त्याने जुने पैसे दिले. पुढच्या वेळी उधार द्यायची का नाही, हे कसे ठरवणार?’ हा मुद्दा खरा आहे. त्यासाठी दोन पायऱ्यांची पद्धत आहे, अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत हीच शिकवतात. आधी लॉजचे खाते नावे ३०,००० आणि बुडीत कर्ज वसुली खाते जमा ३०,०००, म्हणजे देणे पुन्हा जिवंत केले. मग बँक नावे ३०,००० आणि लॉजचे खाते जमा ३०,०००. लॉजचे खाते दोन्ही नोंदींनी फिटते, नफ्यात ३०,०००च जातात आणि गिऱ्हाइकाचा इतिहासही खात्यात राहतो. आपल्याकडच्या परीक्षेत एका पायरीची नोंद अपेक्षित असते. दुकानात कोणतीही एक धरा, पण दोन्ही मिसळू नका. फक्त दुसरी पायरी केली आणि पहिली राहिली, तर पुन्हा तीच जमा शिल्लक उभी राहते.

चूक झाली आहे हे कसे ओळखावे

मार्चअखेर येणेकऱ्यांची यादी काढा. ज्या गिऱ्हाइकाच्या नावावर जमा शिल्लक आहे, त्याच्यासमोर थांबा आणि विचारा: याने खरंच ॲडव्हान्स दिला होता का, की माल परत केला होता? दोन्ही नसेल, तर जुनी वसुली त्याच्या नावावर बसलेली असण्याची शक्यता मोठी. ती तशीच निघाली तर सुधारणा सोपी आहे: लॉजचे खाते नावे ३०,०००, बुडीत कर्ज वसुली खाते जमा ३०,०००.

दुसरी चूक म्हणजे हे पैसे विक्री म्हणून लिहिणे. ती विक्री २०१९-२० मध्येच मोजली गेली आहे, आज पुन्हा मोजली तर एकच गादी दोनदा विकली असे होते. याची खूण अशी की विक्री वाढलेली दिसते, पण कापूस, कापड किंवा मजुरीचा खर्च त्या प्रमाणात वाढलेला नसतो. शिवाय उलाढाल फुगते, आणि ४० लाखांच्या जवळ असणाऱ्याला ते महागात पडू शकते.

तिसरी चूक यादीत दिसत नाही, कारण पैसे वहीत येतच नाहीत. रोख आली, खिशात गेली, ‘ते तर बुडालेलेच होते’ म्हणून. पण त्या रकमेचा खर्च एकदा दाखवून झालेला आहे, आणि इथे आयकराचा प्रश्न येतो.

आयकर आणि जीएसटी

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३६(१)(७) प्रमाणे बुडीत रक्कम वहीत बुडीत म्हणून लिहिली की धंद्याच्या उत्पन्नातून वजा मिळते. ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असावी लागते, आपल्या उदाहरणात ती २०१९-२० मध्ये धरली होती. रक्कम खरोखर बुडाली हे सिद्ध करण्याची गरज नाही, वहीत लिहिणे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले.

याच सवलतीची दुसरी बाजू कलम ४१(४) मध्ये आहे. वजावट घेतलेले पैसे पुढे परत आले, तर ते ज्या वर्षी आले त्या वर्षाचे धंद्याचे उत्पन्न धरले जाते. दरम्यान धंदा बंद झाला असला तरीही. गादीवाल्याने पूर्ण ४८,००० ची वजावट घेतली होती, म्हणून आलेले ३०,००० पूर्ण उत्पन्नात येतात. त्याने ती वजावट मागितलीच नसती किंवा मिळाली नसती, तर हे ३०,००० या कलमाखाली करपात्र ठरले नसते. म्हणून २०२०-२१ चे विवरणपत्र आणि हिशेब फेकू नका, उत्तर त्यातच आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यानंतर आलेल्या वसुलीसाठी सल्लागाराकडून नवे कलम विचारून घ्यावे.

जे छोटे दुकानदार कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवतात, त्यांना बुडीत कर्जाची वेगळी वजावट मिळत नाही, ती त्या टक्क्यातच आली असे कायदा धरतो. त्यांनी वसुलीच्या वर्षी विवरणपत्र भरण्याआधी जुने विवरणपत्र सल्लागारासमोर ठेवावे.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी मात्र गोष्ट छोटी आहे. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो बिल केले तेव्हाच भरला गेला, म्हणून जुने पैसे आल्यावर त्यावर पुन्हा जीएसटीही लागत नाही.

वडिलांनी बुडीत लिहिले, पैसे मुलाकडे आले

एक प्रसंग असा आहे ज्यात नोंद चुकली तर घर दुखावते. दुकान वडिलांच्या एकट्याच्या नावावर होते. २०२१ मध्ये त्यांनी ४८,००० बुडीत लिहिले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठा मुलगा आता स्वतःच्या नावाने दुकान चालवतो. लॉजवाला ३०,००० त्याच्या हातात देतो. मुलगा ते आपल्या वहीत बुडीत कर्ज वसुली म्हणून लिहितो आणि आपल्या नफ्यात धरतो.

हे बरोबर नाही. ते येणे वडिलांचे होते. वहीत शून्य दिसत असले तरी हक्क संपला नव्हता, आणि वडिलांनंतर तो सगळ्या वारसांकडे गेला. त्यात आई आहे, बहिणीही आहेत. मुलाने ते पैसे सांभाळण्यासाठी घेतले, म्हणून त्याच्या वहीत नोंद अशी हवी: बँक किंवा रोख नावे ३०,०००, मरहूम वडिलांच्या वारसांचे खाते जमा ३०,०००. हे त्याचे देणे आहे, नफा नाही. पुढे वारसाहक्काप्रमाणे ज्याचा त्याला वाटा दिला की हे खाते फिटते. वरासतीच्या वाटपात घर, प्लॉट आणि सोने यांची चर्चा होते, बुडीत उधारीची यादी कोणी काढत नाही, कारण ती ताळेबंदात नसतेच.

यावर उपाय एका छोट्या वहीचा आहे. जेव्हा जेव्हा एखादी रक्कम बुडीत लिहाल, तेव्हा त्या वहीत एक ओळ घाला: गिऱ्हाइकाचे नाव, बिलाची तारीख आणि रक्कम, बुडीत लिहिल्याची तारीख, आयकरात वजावट घेतली की नाही, आणि पुढे रिकामी जागा. वसुली आली की त्या जागेत तारीख आणि रक्कम लिहा. गादीवाल्याच्या वहीत आज ती ओळ अशी दिसेल: बिल ४८,०००, बुडीत ३१ मार्च २०२१, वजावट घेतली, १२ फेब्रुवारी २०२५ ला ३०,००० आले, राहिले १८,०००. भागीदार वेगळे होताना किंवा घरात वाटप होताना मोठ्या वहीच्या शेजारी ही यादीही सर्वांसमोर ठेवावी, आणि राहिलेले आले तर कोणाचे, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.